पश्चिमेच्या जुन्या भिंतीला परलाइट की कॉर्क: जाडी कुठे थांबवायची आणि वर काय लावायचं

ठाण्यात नौपाडा, चरई, कोपरी भागांतल्या जुन्या चार मजली इमारतींमध्ये बाहेरच्या भिंती बहुतेक नऊ इंची विटेच्या आहेत. आतून अर्धा-पाऊण इंच सिमेंटचा गिलावा, बाहेरून त्याहून थोडा जाड. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता खोलीत पोचते संध्याकाळी सात-आठनंतर, म्हणजे नेमकी आपण घरी असतो तेव्हा. रात्री दहाला हात लावला तरी भिंत कोमट लागते. अशा भिंतीला आतून उष्णतारोधक गिलावा, म्हणजे परलाइट या हलक्या खनिज दाण्यांचा किंवा कॉर्क या झाडाच्या सालीच्या दाण्यांचा गिलावा, कसा करायचा, हे इथे एका ठराविक खोलीचं उदाहरण घेऊन मांडलं आहे.

समजा, खोलीची पश्चिमेची भिंत ३.६ मीटर लांब आणि २.९ मीटर उंच आहे, तिच्यात १.२ बाय १.२ मीटरची खिडकी आहे. खिडकी वजा जाता ९ चौरस मीटर भिंत उरते. मजला मधला, त्यामुळे छताचा प्रश्न नाही. वरचा मजला असेल तर आधी गच्चीचा विचार करा, कारण तिथे स्लॅबमधून येणारी उष्णता भिंतीपेक्षा जास्त असते. खिडकीचंही तसंच आहे. पश्चिमेच्या उघड्या काचेतून दुपारी थेट ऊन आत येत असेल, तर ते या अख्ख्या भिंतीतून येणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त भरतं. खिडकीला बाहेरून सावली नसेल तर पहिला खर्च तिथे करावा, गिलाव्याचा नंतर.

किती फरक पडतो, याचा हिशेब

साधा सिमेंट-रेतीचा गिलावा आणि वीट, दोन्ही उष्णता चांगलीच वाहून नेतात. त्यांचा वहनांक, म्हणजे उष्णता वाहून नेण्याचं माप, ०.७ ते ०.८ च्या घरात असतो; हा आकडा जितका छोटा तितका माल रोधक. चुना-सिमेंट-परलाइटचा साइटवर नीट बनवलेला गिलावा ०.१२ च्या आसपास बसतो, म्हणजे साध्या गिलाव्याच्या सहापट रोधक. कॉर्कच्या तयार गोणीवर ०.०४ पासून ०.१० पर्यंत आकडे दिसतात. हिशेबाला आपण ०.०६ धरू. गोणीवरचा आकडा पूर्ण कोरड्या गिलाव्याचा असतो आणि आपल्या हवेत तेवढा कोरडेपणा कायम टिकत नाही, म्हणून जाहिरातीतला सगळ्यात छोटा आकडा हिशेबाला घेऊ नये.

आहे तशा भिंतीतून, दोन्ही बाजूंच्या हवेत एका अंशाचा फरक असताना, चौरस मीटरमागे सुमारे २ वॅट उष्णता आत येते. आतला जुना १५ मिलीमीटर गिलावा काढून त्याजागी २० मिलीमीटर परलाइट लावला तर ती १.५४ होते, म्हणजे २३ टक्के कमी. ३० मिलीमीटर लावला तर १.३७, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी. ५० मिलीमीटरला १.११, म्हणजे ४४ टक्के कमी. कॉर्क ३० मिलीमीटर लावला तर १.०२ पर्यंत, म्हणजे निम्म्यावर.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिल्या २०-३० मिलीमीटरमध्ये मोठा फायदा मिळतो आणि पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरला तो कमी होत जातो. आणि ३० मिलीमीटर कॉर्क हा ५० मिलीमीटर परलाइटच्या थोडा पुढेच आहे. म्हणून जिथे जागा अडते, म्हणजे खिडकीची चौकट, दाराची कड, भिंतीतलं कपाट, तिथे कॉर्क महाग असूनही परवडतो. मोकळ्या सपाट भिंतीला परलाइट पुरतो.

भिंतीवर येणाऱ्या वजनाची चिंता करू नका. ३० मिलीमीटर परलाइटचं वजन वाळल्यावर चौरस मीटरला १५ किलोच्या आत राहतं. त्याच जाडीचा सिमेंट-रेतीचा गिलावा साठ किलोच्या वर जातो.

भिंत आधी कोरडी आहे का ते बघा

उष्णतारोधक गिलावा ओल अडवत नाही, उलट पिऊन घेतो. ओला परलाइट रोधक राहत नाही, कारण त्याच्या दाण्यांतल्या हवेची जागा पाणी घेतं. ठाण्यात नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर आडवा येतो. त्यामुळे जी भिंत सगळ्यात जास्त तापते, तीच सगळ्यात जास्त भिजतेही. बाहेरच्या गिलाव्याला चिरा असतील, छज्जाच्या वर पाणी साठत असेल किंवा शेजारून जाणारा सांडपाण्याचा पाइप गळत असेल, तर ते आधी दुरुस्त झालं पाहिजे. बाहेरची बाजू सोसायटीची असते, त्यामुळे तिथल्या कामासाठी कमिटीकडे लेखी अर्ज करावा लागतो. त्यासाठी हातात काही आठवडे ठेवा.

तपासणी सोपी आहे. जाड प्लास्टिकचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीच्या हवेचा आहे. एक तुकडा खिडकीच्या खाली आणि एक तुळईच्या खाली लावा, कारण पाणी शिरतं ते बहुधा या दोन जागांतून. भिंतीवर पांढरी पावडर दिसत असेल तर ती झाडूने कोरडीच काढा. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून पुन्हा विटेत जातात. खाडीजवळच्या इमारतींमध्ये हे क्षार जास्त असतात आणि नवा गिलावा ढिला करायला तेवढं कारण पुरतं.

कामाचा मोसम दिवाळीनंतरचा. नोव्हेंबरच्या मध्यावर जुना गिलावा काढला तर पावसाळ्यात भिजलेल्या विटा दोन-तीन आठवडे मोकळ्या वाळतात आणि फेब्रुवारीपर्यंत रंगही होऊन जातो. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर काम होतं, पण आतली ओल पूर्ण जायच्या आधी जून येतो. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये.

जुना गिलावा काढणं

आतला जुना गिलावा पक्का असला तरी काढावा, असं आमचं मत आहे. एक तर त्यावर तेलरंग, डिस्टेंपर, पुट्टी असे वर्षानुवर्षांचे थर असतात आणि नवा हलका गिलावा त्यांना धरत नाही. दुसरं कारण जागेचं. १५ मिलीमीटर काढून ३० मिलीमीटर परलाइट आणि वर ४ मिलीमीटर फिनिश केलं तर भिंत आधीपेक्षा फक्त १९ मिलीमीटर पुढे येते. एवढ्यात खिडकीची सरकती पट्टी झाकली जात नाही आणि स्विचबोर्डचे डबेही थोडेसेच पुढे आणावे लागतात. जुन्यावरच चढवलं तर भिंत ३४ मिलीमीटर पुढे येते आणि प्रत्येक कडेला तडजोड करावी लागते.

९ चौरस मीटरमधून सुमारे २७० किलो राबिट निघतं, म्हणजे २५ किलोच्या दहा-अकरा गोण्या. लिफ्ट वापरायची की जिना, आणि राबिट कुठे टाकायचं, हे आधीच ठरवून ठेवा. सांधे १० ते १५ मिलीमीटर खोल खरवडा. आत चुन्याचे जुने सांधे सापडले तर चिंता नको; भुसभुशीत झालेले तेवढे काढून चुना-रेतीने भरा. तुळई आणि कॉलमच्या गुळगुळीत काँक्रीटला एकमेकांजवळ टाचे, म्हणजे छोटे खड्डे, मारा, साधारण दीड-दोन इंचांवर एक. काँक्रीटची सळई उघडी पडलेली किंवा गंजलेली दिसली तर तिथे काम थांबवून आधी काँक्रीटची दुरुस्ती करून घ्या. परलाइटखाली गंज झाकणं धोक्याचं आहे.

वायरिंगचे पाइप आणि डबे या टप्प्यावरच पुढे आणायचे. एसी, टीव्ही, जड कपाट कुठे टांगणार हे आत्ताच भिंतीवर खडूने लिहून ठेवा. परलाइटचा गिलावा मऊ असतो. ब्रॅकेटचा स्क्रू घट्ट केला की तो दबतो आणि काही महिन्यांत ब्रॅकेट हलायला लागतं. म्हणून खुणेच्या जागी चार-चार इंचांचे सिमेंट-रेतीचे ठोकळे भिंतीच्या अंतिम पातळीपर्यंत आणून ठेवावेत. तेवढ्या जागेतून उष्णता येईल, पण ती नगण्य आहे. बाकी कुठेही काही टांगायचं झालं तर स्क्रू गिलावा ओलांडून विटेत ५०-६० मिलीमीटर गेला पाहिजे, म्हणजे ९० ते १०० मिलीमीटरचा स्क्रू आणि तसाच लांब प्लग.

माल निवडताना होणाऱ्या तीन चुका

पहिली चूक नर्सरीतला परलाइट आणण्याची. कुंड्यांचा परलाइट बहुधा भरड असतो, तीन ते पाच मिलीमीटरचा. गिलाव्याला लागतो तो बारीक, एक-दीड मिलीमीटरपर्यंतचा. भरड दाण्यांचा गिलावा पट्टीखाली फाटतो आणि रंध्याने सपाट होत नाही.

दुसरी चूक जिप्समच्या गोणीची. ‘परलाइटयुक्त हलका गिलावा’ असं लिहिलेल्या जिप्समच्या गोण्या बाजारात सहज मिळतात. त्यांत परलाइट असतो खरा, पण वजन कमी करण्यापुरता. त्यांचा वहनांक साधारण ०.२ किंवा त्याहून जास्त असतो आणि बाहेरच्या भिंतीवरची ओल जिप्समला सोसत नाही. गोणीवर वहनांक आणि वाळल्यावरची घनता छापलेली नसेल तर तो उष्णतारोधक गिलावा समजू नये. वाळल्यावरची घनता घनमीटरला ५०० किलोच्या आसपास किंवा कमी असली पाहिजे.

तिसरी चूक कॉर्कचे दाणे सुटे आणून साइटवर कालवण्याची. कॉर्क पाण्यावर तरंगतो, मिश्रणात सारखा पसरत नाही आणि चुना त्याला सगळीकडे धरत नाही. कॉर्क हवा असेल तर नैसर्गिक हायड्रॉलिक चुन्यातली तयार गोणीच घ्या आणि त्यात फक्त सांगितलेलं पाणी घाला. गवंडी सवयीने मूठभर सिमेंट टाकायला जातो, तिथे त्याला थांबवावं लागतं. सिमेंटने तो गिलावा कडक होतो, आकसतो आणि त्याची वाफ सोडण्याची ताकद कमी होते.

परलाइटचं मिश्रण

प्रमाण आकारमानाने घ्या: १ सिमेंट, १ भिजवलेला चुना (पावडर), ८ परलाइट. आपल्या ९ चौरस मीटरला ३० मिलीमीटर जाडीने २७० लिटर गिलावा लागतो. सांधे भरणं आणि गळती धरून ३१० लिटर. कालवताना परलाइटचा काही भाग दबतो, म्हणून ३५० लिटर परलाइट आणा. त्याला ४४ लिटर सिमेंट, म्हणजे सव्वा गोणी, आणि ४४ लिटर चुना, म्हणजे साधारण २२ किलो. फावड्याने मोजू नका. एकच बादली ठरवा आणि सगळं तिनेच मोजा.

कालवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी, त्यात चुना आणि सिमेंट घालून गुठळ्या न राहतील असं पातळ कालवण करा. परलाइट सगळ्यात शेवटी घालायचा आणि दोन-तीन मिनिटांत मिश्रण थांबवायचं. परलाइटचे दाणे म्हणजे पातळ कवचाचे फुगे. मशीन जास्त वेळ फिरली किंवा फावड्याने ते रगडले की कवच फुटतं, मिश्रणाचं आकारमान घटतं आणि ते जड होतं. डोळ्यांना हे कळत नाही. मिश्रण उलट जास्त लोण्यासारखं दिसतं आणि गवंड्याला आवडतं. ते वजनाने ओळखा. पहिल्या नीट झालेल्या घाणीची, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मालाची, दहा लिटरची बादली भरून वजन करा. ते ८ ते ९ किलो असायला हवं. पुढच्या घाणी त्याच आकड्याशी ताडून बघा. बादली ११ किलोची भरली तर परलाइट चुरला आहे किंवा कोणीतरी रेती टाकली आहे, आणि तो माल रोधक म्हणून वाया गेला.

घाणी तेवढीच करा जेवढी तासाभरात संपेल. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालायचं नाही. परलाइट ओतताना पंखा बंद ठेवा, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. चुना डोळ्यांत गेला तर भाजतो. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

थर, आणि जाडीची हद्द

आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा शिंपडा. लावताना वीट ओलसर हवी, पण वर पाणी चमकता कामा नये. आधी सिमेंट आणि भरड रेती १:३ पातळ करून थापीने भिंतीवर फेका, तीन-चार मिलीमीटर, खडबडीत, मधेमधे वीट दिसली तरी चालते. हा थर दोन दिवस ओला ठेवायचा. तुळई आणि कॉलमवर तो पूर्ण झाकलेला असावा. बहुतेक ढिला गिलावा निघतो तो तिथूनच.

मग ओळंबा लावून ठिय्ये, म्हणजे जाडीच्या खुणेसाठी मालाचे छोटे ठिपके, मारा. गवंडी सवयीने सिमेंटचे ठिय्ये करतात. इथे ते परलाइटच्याच मिश्रणाचे हवेत. सिमेंटचे ठिय्ये राहिले तर ते वेगळ्या वेगाने आकसतात आणि रंग झाल्यावर भिंतीवर डागांसारखे दिसतात.

पहिला थर १५ मिलीमीटर. फेकून लावा, हलक्या हाताने दाबा, पट्टीने ओढा. जोरात रंधा मारू नका, कारण दाबलेला परलाइट म्हणजे चुरलेला परलाइट. थर थोडा आवळला की आडव्या रेषांनी खरवडा. विटा आणि काँक्रीट जिथे जुळतात तिथे क्षाररोधक काचतंतूची जाळी एक फूट रुंदीची, दोन्हीकडे सहा-सहा इंच, या थरात बसवा. कोंबड्याच्या जाळीपेक्षा ही बरी, कारण खाडीच्या हवेत तारेची जाळी गंजून गिलाव्यावर तपकिरी डाग उठवते. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर तिरप्या पट्ट्या लावा. चिरा कोपऱ्यांतून तिरप्याच निघतात, आणि उभ्या-आडव्या जाळीला त्या रोखता येत नाहीत.

तीन दिवस दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा. पाइपने धार सोडू नका, हा गिलावा पाणी पितो आणि जड होतो. चौथ्या दिवशी दुसरा थर, पुन्हा १५ मिलीमीटर. म्हणजे ३० पूर्ण.

एकाच वेळी ३० मिलीमीटर का नाही, हा प्रश्न गवंडी हमखास विचारतात, कारण हलका माल चढतो सहज. पण ताज्या परलाइटची पकड कमी असते. वीस मिलीमीटरच्या पुढे थर आपल्याच वजनाने दोन-चार मिलीमीटर खाली सरकतो. वरून दिसत नाही, पण मागे पोकळी राहते. शिवाय बाहेरचा पृष्ठभाग आधी वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि दोघांमध्ये फट पडते. म्हणून परलाइटचा एक थर २० मिलीमीटरच्या वर नेऊ नये. कॉर्कचा पहिला थर १०-१५ आणि पुढचे २० पर्यंत चालतात, पण तिथे गोणीवरचा आकडाच शेवटचा समजावा.

एकूण जाडीची हद्द वेगळी. परलाइट ४० मिलीमीटरपर्यंत साध्या पकडीवर राहतो. त्यापुढे पूर्ण भिंतीला जाळी आणि ती विटेत प्लास्टिकच्या चकतीच्या खिळ्यांनी धरलेली हवी, चौरस मीटरला पाच-सहा. ५० च्या पुढे आतल्या बाजूला जाऊच नये, असं आम्ही सांगतो. तिथे मिळणारा फायदा थोडा आणि वाळायला लागणारा काळ मोठा. खालची हद्द २० मिलीमीटर. दहा मिलीमीटर परलाइटने जेमतेम १२ टक्के फरक पडतो. तेवढ्यासाठी भिंत फोडू नये. खिडकीच्या बाजूंना मात्र जागेअभावी १५ मिलीमीटरच बसतो. तो तरी लावाच, नाहीतर चौकटीभोवतीची पट्टी गरमच राहते.

फरशीजवळ गिलावा टेकवू नका. दहा मिलीमीटर अंतर सोडून स्कर्टिंगने झाका. रोज फरशी पुसताना मुरणारं पाणी हा गिलावा खालून वर ओढतो.

वाळणं

मोकळ्या हवेत ढोबळमानाने दिवसाला एक मिलीमीटर धरा. पण समुद्राच्या हवेत त्याच्या दीडपट वेळ सोडलेला बरा. ३० मिलीमीटरला चार ते सहा आठवडे. पहिले चार-पाच दिवस पंखा आणि थेट वारा नको, नंतर खिडक्या उघड्या ठेवा आणि पंखा सावकाश चालू द्या. हीटर लावून घाई केली तर वरची पातळ कात वाळते आणि जाळ्यासारख्या चिरा पडतात. शेवटी पुन्हा प्लास्टिकची चाचणी करा. थेंब दिसले तर थांबा.

फिनिश, जिथे बहुतेक काम बिघडतं

गिलावा उत्तम झाला आणि मग रंगारी आला, असं अनेक घरांत होतं. तो सवयीप्रमाणे ॲक्रिलिक पुट्टीचे दोन हात आणि प्लास्टिक रंग मारतो, आणि पहिल्या पावसाळ्यात रंगाचे फुगे येतात. कारण असं: पावसाळ्यात बाहेरची हवा दमट आणि आत एसी, त्यामुळे वाफ बाहेरून आत यायला बघते. भिंत आणि परलाइट तिला येऊ देतात. शेवटच्या रंगाच्या कातेशी ती अडते, तिथेच गार होते, आणि कातेमागे पाणी साठून बुरशी धरते. विनाइलचा वॉलपेपर लावला तर तो काढताना मागे काळे ठिपके दिसतात.

दुसरी चूक ताकदीची. वरचा थर खालच्यापेक्षा कधीच कडक नसावा. परलाइटवर १:३ सिमेंटचा पक्का थर दिला तर तो आकसताना मऊ थराला ओढतो आणि मोठे पोपडे पाठीला परलाइट घेऊनच निघतात.

म्हणून आधी ३ मिलीमीटर बारीक थर: १ भाग भिजवलेल्या चुन्याचा लगदा, अडीच भाग चाळलेली बारीक रेती. चुना किमान एक दिवस, जमल्यास आठवडाभर, पाण्याखाली भिजवून ठेवा. न भिजलेला कण नंतर भिंतीत फुलतो आणि चिमटीएवढा खड्डा पाडतो. या थरात पूर्ण भिंतीभर बारीक जाळी दाबून बसवा, जोडावर चार इंच एकावर एक. हा थर परलाइटच्या ठिसूळ पृष्ठभागाचं कवच आहे. हात टेकला, खुर्ची लागली तरी दाणे झडू नयेत, यासाठी तो टाळू नका. आठ-दहा दिवस जाऊ द्या.

त्यावर एक मिलीमीटर नेरू, म्हणजे चुन्याचा घोटून गुळगुळीत केलेला थर. जुन्या गवंड्यांना हे काम येतं. आता करणारे कमी उरले आहेत, पण ठाण्यात विचारत गेलं तर सापडतात. भिंत ओलसर असताना गुरमाळ्याने, म्हणजे सपाट लोखंडी थापीने, पातळ ओढायचा आणि आवळायला लागला की दाबून घोटायचा. घोटणं लवकर झालं तर पाणी वर येऊन भुकटी सुटते, उशिरा झालं तर गुरमाळ्याचे काळे ओरखडे उठतात. बोट लावलं की ठसा उमटतो पण माल बोटाला चिकटत नाही, ती वेळ घोटण्याची. घोटकाम नको असेल तर बारीक थरच स्पंजने पुसून सपाट करा. तो टिकायला काही कमी नाही, फक्त किंचित खरखरीत राहतो.

रंगाला चुन्याची सफेदी, तीन पातळ हात, किंवा सिलिकेटचा खनिज रंग. सिलिकेटचा रंग महाग, पण हाताला लागत नाही आणि पुसताही येतो. तेलरंग, प्लास्टिक रंग, टाइल आणि वॉलपेपर या भिंतीवर नाहीत, हे रंगाऱ्याला काम ठरवतानाच सांगा.

बाहेरून करायचं असेल तर

नवी मुंबईत ऐरोली, वाशी, नेरूळच्या स्वतंत्र रो हाउसना बाहेरून गिलावा करण्याची मुभा मिळू शकते. उष्णतेच्या दृष्टीने बाहेरचा थर सरस, कारण वीट तापतच नाही. पण कोकणचा पाऊस त्यावर थेट पडतो. तेव्हा जमिनीपासून एक फूट साधा गिलावाच ठेवा, वर जाळीसह ५ मिलीमीटरचं पाणी न पिणारं पण वाफ सोडणारं कवच आणि त्यावर सिलिकॉन किंवा सिलिकेटचा बाहेरचा रंग द्या. छज्जा आणि खिडकीच्या उंबऱ्याखाली पाणी तोडणारी खाच हवीच. ही सगळी कवचं नीट होणार नसतील तर बाहेरच्या बाजूला परलाइट लावू नका.

बिघाड कसा ओळखायचा

महिन्याभराने रुपयाच्या नाण्याने भिंत ठोकत जा. परलाइटचा आवाज मुळातच बसका असतो, म्हणून आधी चांगल्या जागेचा आवाज कानात ठेवा. मधेच ढबढब आली तर तिथे पकड सुटली आहे. तुळईच्या खाली आडवी चीर असेल तर काँक्रीटला टाचे कमी पडले किंवा जाळी विसरली. सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर भिंत फार लवकर वाळली. त्या वरवरच्या असतात आणि सफेदीच्या घट्ट हाताने बुजतात. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी येत राहिली तर फवारा कमी पडला. खिडकीखाली दमट डाग जुलैमध्येच दिसत असेल तर दोष गिलाव्याचा नाही, बाहेरून पाणी शिरतं आहे.

ढिला भाग दुरुस्त करताना चौकोनी कापा, कडा उभ्या ठेवा, विटेपर्यंत साफ करून भिजवा आणि त्याच प्रमाणाचा माल पुन्हा दोन थरांत भरा. सिमेंट-रेतीचं ठिगळ लावलं तर ते कडेने सुटतं आणि दुपारनंतर हात लावून ती जागा शोधता येते, इतकी ती बाकीच्या भिंतीपेक्षा गरम असते.